सचिवाची बदली कोण करतं, ते आधी पाहा

प्रश्न: "मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. सोबत एमपीएससीचा अभ्यास सुरू आहे. नोट्समध्ये लिहिलंय की एकात्मक देशात स्थानिक संस्था केंद्राच्या ताब्यात असतात आणि संघराज्यात त्या स्वायत्त असतात. मग आम्हाला एका नालीसाठी चार महिने पंचायत समितीच्या चकरा काहून माराव्या लागतात? आपली पंचायत नक्की कोणाच्या ताब्यात आहे? दिल्ली, मुंबई की बीडीओ? इंग्लंड-फ्रान्सकडं पण असंच असतं का?"

भाऊ, आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी ग्रामसेवक म्हणून लागलो आणि विस्तार अधिकारी पंचायत म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी आपल्याच विदर्भात, कापसाच्या पट्ट्यात. परदेशातलं जे सांगतो ते वाचून आणि मध्ये काही वर्षं प्रशिक्षण केंद्रात शिकवलं तेव्हाच्या तयारीतून. नाली, ठराव, चकरा हे मात्र टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय.

तुमच्या नोट्समधलं वाक्य अर्धं चूक आहे, आणि तेच अर्धं तुम्हाला छळतंय. "संघराज्य" या शब्दातून एवढंच कळतं की देशाची सत्ता केंद्र आणि राज्य अशी दोघांत वाटलेली आहे. त्या वाटणीत गावाला वाटा आहे की नाही, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. बहुतेक संघराज्यांत गाव राज्याच्या वाट्याला जातं, आणि मग राज्याच्या हद्दीत कारभार एकात्मकच चालतो, फक्त दिल्लीच्या जागी मुंबई असते. आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूची आहे ना, तिच्यातली पाचवी नोंद बघा, "स्थानिक शासन". तुमची पंचायत त्या ओळीत बसलेली आहे.

हे आपल्या विदर्भाएवढं स्वच्छ दुसरीकडं क्वचितच दिसेल. तुमच्या गावातल्या एखाद्या नव्वदीतल्या म्हाताऱ्याचा विचार करा. तो पोरगा होता तेव्हा गाव मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं आणि पंचायत 1946 च्या मध्यप्रांत-वऱ्हाड पंचायत कायद्याखाली. पुढं 1948 चा कायदा आला, नागपूरकडं तालुक्याच्या पातळीवर जनपद सभा आल्या. 1956 ला आपण मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, त्या राज्यानं 1958 चा ग्रामपंचायत कायदा केला आणि आपला 1946 चा रद्द. 1960 ला महाराष्ट्र झाला. मग पुसदकडचेच वसंतराव नाईक, त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून 1961 चा जिल्हा परिषद कायदा आला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आता बघा, गाव जागचं हललं नाही, विहीर तीच, पांदण तीच, देश तोच, 1950 पासून देशाची घटना पण तीच. पण राज्य बदललं की पंचायतीचा कायदा बदलला, वरचा साहेब बदलला, मधली संस्था गेली आणि नवीन आली. गावाला विचारायला कोणी आलं नव्हतं. संघराज्यात गाव कोणाचं, याचं उत्तर यात आलं.

अन हे जुनंच आहे असं समजू नका. 2017 ला राज्यानं ठरवलं सरपंच थेट जनतेतून, 2020 ला ठरवलं नाही, सदस्यांमधून, 2022 ला परत थेट. पाच वर्षांत तीनदा. मी त्या काळात निवडून आलेले दोन्ही प्रकारचे सरपंच बघितले, थेटवाला सदस्यांना जुमानत नाही आणि सदस्यांमधला रोज बहुमत मोजत बसतो, कोणता बरा यावर पारावर रात्र निघेल. मुद्दा वेगळा आहे. गावाचा मुख्य माणूस निवडायची पद्धतच दुसऱ्याच्या हातात आहे, आणि तो दुसरा म्हणजे विधिमंडळ. दिल्लीचा त्यात काही संबंध नव्हता.

तुम्ही म्हणाल आपलंच राज्य असं, बाहेर संघराज्यात चांगलं असेल. नाही. अमेरिकेच्या घटनेत स्थानिक संस्थांचा उल्लेखच नाही. 1907 चा तिथल्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, हंटर विरुद्ध पिट्सबर्ग. अलेघेनी नावाचं गाव शेजारच्या मोठ्या पिट्सबर्गमध्ये विलीन करायचं होतं. राज्याच्या कायद्यात होतं की दोन्ही गावांची मतं एकत्र मोजायची. अलेघेनीच्या लोकांचा विरोध होता, पण पिट्सबर्गचे मतदार कितीतरी जास्त, ते आकड्यात बुडाले. कोर्ट म्हणालं की नगरपालिका राज्यानं तयार केलेली आहे, राज्य तिला वाढवू शकतं, जोडू शकतं, मोडू पण शकतं, लोकांची संमती असो नसो. कॅनडात तर आत्ता आत्ता, 2018 ला, टोरंटोची निवडणूक लागलेली, उमेदवार प्रचार करत फिरताहेत, आणि ओन्टारिओ प्रांतानं कायदा करून 47 वॉर्डांचे 25 केले. कोर्टकज्जा झाला, 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी प्रांताच्या बाजूनं निकाल दिला. दोन्ही देश पक्के संघराज्य.

आपल्याकडं 2014-15 ला तालुक्याच्या गावच्या ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या तेव्हा मी अशा एका गावाचा कारभार बघत होतो. अधिसूचना निघाली, हरकती मागवल्या, लोकांनी हरकती दिल्या पण, आणि नगरपंचायत झाली. मग एक मजूर बाई जॉबकार्ड घेऊन आली, म्हणे "साहेब, काल परवंत रोजगार हमीचं काम होतं, आता काहून नाही?" तिला काय सांगू, की तू झोपडीतून न हलता खेड्यातून शहरात गेलीस. रोजगार हमी ग्रामीण भागासाठी, नगरपंचायत म्हणजे नागरी भाग, विषय संपला. अलेघेनीवाल्यांना तिचं दुःख बरोबर कळलं असतं.

आता एकात्मक देश. इथं राज्य नावाचा मधला मालकच नाही, संसद आणि स्थानिक संस्था समोरासमोर. नोट्समध्ये ज्याला "केंद्राच्या ताब्यात" म्हणतात त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण लंडन. ग्रेटर लंडन कौन्सिल होती, मजूर पक्षाची सत्ता, तिचं ऑफिस थेम्स नदीच्या काठी, संसदेच्या जवळपास समोरच. थॅचर बाईंच्या सरकारनं 1985 ला कायदा केला आणि 31 मार्च 1986 ला कौन्सिल संपली. निवडून आलेली संस्था, लाखो लोकांची, साध्या कायद्यानं बंद. पुढं 2000 पर्यंत अख्ख्या लंडनची अशी एक निवडून आलेली संस्थाच नव्हती. म्हणजे नोट्स लिहिणारा इथं बरोबर आहे.

पण एकात्मक म्हटलं की सगळीकडं असंच, हे पण खोटं. फ्रान्समध्ये प्रीफे म्हणजे साधारण आपल्या कलेक्टरसारखा, सरकारनं नेमलेला माणूस. 1982 च्या आधी त्याच्याकडं गावांवर ताबा ठेवायची पॉवर होती, आधी मंजुरी मग काम. 2 मार्च 1982 च्या कायद्यानं ती आधीची मंजुरी काढून टाकली. आता गाव ठराव करतं आणि तो लागू होतो. महत्त्वाचे ठराव प्रीफेकडं पाठवावे लागतात, पण त्याला एखादा बेकायदा वाटला तर तो स्वतः रद्द करू शकत नाही, दोन महिन्यांच्या आत प्रशासकीय न्यायालयात जावं लागतं. म्हणजे साहेबाला गावाविरुद्ध दावा लावायला लागतो! आपल्याकडं उलटं, साहेब फाईलवर बसतो आणि गाव हायकोर्टात नागपूर खंडपीठाकडं जातं. स्वीडन पण एकात्मक, तिथं 290 नगरपालिका लोकांच्या उत्पन्नावर स्वतः कर लावतात आणि दर पण स्वतः ठरवतात. आपल्या संघराज्यातली ग्रामपंचायत घरटॅक्सचा दर ठरवते तो पण राज्याच्या नियमातल्या किमान आणि कमालच्या मध्ये.

म्हणून मी प्रशिक्षणात एकात्मक-संघराज्य यावर फार वेळ घालवायचो नाही. मी एकच विचारायचो, सचिवाची बदली कोण करतं?

हसू नका, यातच सगळं आहे. आपल्याकडं गावात ज्याला सचिव म्हणतात तो ग्रामसेवक, आता नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, तो नोकर कोणाचा? जिल्हा परिषदेचा. नेमणूक, बदली, पगारवाढ, निलंबन सगळं सीईओच्या सहीनं. पंचायत ठराव करते, पण तो लिहिणारा, त्याचं इतिवृत्त ठेवणारा, चेकवर दुसरी सही करणारा माणूस पंचायतीला बांधलेला नाही. मी स्वतः ग्रामसेवक होतो तेव्हाचं खरं सांगतो. एका गावात सरपंचबाई अतिशय हुशार, सभेत जे ठरलं ते लगेच करायचं म्हणायच्या. मला वरून तोंडी निरोप आला की अमुक काम आधी घ्या. मी बाईंचं ऐकायला पाहिजे होतं. मी वरच्याचं ऐकलं. कारण माझी दोन लेकरं शाळेत होती आणि बदली बाईंच्या हातात नव्हती. त्या मला एवढंच म्हणाल्या, "सचिव, तुमी आमचे की त्यायचे?" मी काहीतरी नियम सांगितला, नियम नंतर शोधला.

आता इंग्लंडशी तुलना करा, पण लंडनशी नको, तुमच्या पंचायतीएवढ्या संस्थेशी, म्हणजे पॅरिश कौन्सिलशी. तिथं अशा साधारण दहा हजार आहेत. पॅरिश कौन्सिलचा एक क्लार्क असतो, आपल्या सचिवाचंच काम करतो, इतिवृत्त, हिशोब, पत्रव्यवहार. त्याला 1972 च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल स्वतः नेमते. पगार स्वतः देते, काढते पण स्वतःच. आणि पैसा, पॅरिश कौन्सिल वर्षाला किती रक्कम पाहिजे ते ठरवते, ती वरच्या कौन्सिलच्या करबिलात जोडली जाते आणि वसूल होऊन पॅरिशला मिळते. संसद मनात आणेल तर सगळ्या पॅरिश उद्या बंद करू शकते, त्यांना घटनेचं संरक्षण नाही, तिथं आपल्यासारखी एका पुस्तकातली लिखित घटनाच नाही. पण चालू दिवसाचा कारभार त्यांचा. आपलं नेमकं उलट, पंचायतराज साध्या कायद्यानं कोणी बंद करू शकत नाही, घटनेत नाव आहे, पण रोजचा कारभार दुसऱ्याच्या माणसाच्या हातून. काम अडकतं ते तिथंच.

याचा अर्थ पॅरिश स्वर्ग आहे असं नाही. त्यांच्याकडं विषय फार थोडे, बाग, स्मशानभूमी, सभागृह, दिवे असं. शाळा, मोठे रस्ते वरच्या कौन्सिलकडं. आणि त्या वरच्या कौन्सिलांचं नाक लंडनच्या हातात आहे, कर ठरावीक मर्यादेपेक्षा वाढवायचा तर सार्वमत घ्या म्हणून मंत्री दरवर्षी मर्यादा ठरवतो. बर्मिंगहॅमचा 2023 ला पैशाचा ताळेबंद कोलमडला तेव्हा सरकारनं आयुक्त पाठवले. कंगाल झाला की स्वायत्तता गेली, हे संघराज्यात पण होतं, 2013 ला मिशिगनच्या गव्हर्नरनं डेट्रॉईटवर आणीबाणीचा व्यवस्थापक बसवला होता आणि निवडून आलेले महापौर बघत राहिले.

आता तुमच्या नालीकडं येऊ. हिशोबाला सोपं म्हणून समजा तुमच्या पंचायतीला 15 व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे 2021 ते 2026 च्या, नियमांनी वर्षाला 10 लाख येतात. हा पैसा दिल्लीचा. राज्याला तो गावाच्या नावानं येतो, राज्यात ग्रामपंचायतीला 80 टक्के आणि पंचायत समिती, जिल्हा परिषदेला दहा-दहा टक्के असा वाटला जातो. तुमच्या दहापैकी सहा लाख बंधित, चार लाख अबंधित. बंधितचे परत दोन भाग, तीन लाख स्वच्छतेला, तीन लाख पिण्याच्या पाण्याला. अबंधित म्हणजे मोकळा, पण त्यातून पगार आणि कार्यालयाचा खर्च करता येत नाही.

तुमच्या सभेत ठराव झाला, दलित वस्तीत नाली. पहिला प्रश्न, हे काम यंदाच्या आराखड्यात आहे का? "आमचं गाव आमचा विकास" चा आराखडा ग्रामसभेत मंजूर करून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवलेला असतो, त्यात काम नसेल तर पेमेंटच निघत नाही. हे बंधन दिल्लीचं. दुसरा, नाली खर्चाच्या कोणत्या हेडखाली दाखवली? सांडपाणी व्यवस्थापन म्हणून बसवली तर स्वच्छतेच्या बंधित पैशात बसू शकते, रस्त्यासोबतचं बांधकाम म्हणून लिहिली तर अबंधितात जाते आणि तिथं पैसा शिल्लक नसतो. काहून नसतो? कारण 2021 ला राज्यानं सांगितलं की गावच्या पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची थकलेली वीजबिलं याच आयोगाच्या पैशातून भरा. दिल्लीनं दिलेला मोकळा पैसा मुंबईच्या एका शासन निर्णयानं वीज कंपनीकडं वळला. बिल भरायलाच पाहिजे होतं, वीज फुकट नसते, पण कोणाच्या शब्दानं भरलं ते बघा.

तिसरा टप्पा अंदाजपत्रक. पंचायतीकडं इंजिनिअर नाही. शाखा अभियंता येणार, मोजणार, तांत्रिक मान्यता उपविभागातून. काम झालं की परत तोच येऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद करणार, ती एमबी झाल्याशिवाय बिल नाही. त्या एका इंजिनिअरकडं दहा-पंधरा गावं असतात. तुमचे चार महिने बहुतेक इथं गेले. चौथा टप्पा, पेमेंट सरपंच आणि सचिवाच्या डिजिटल सहीनं. सचिवाची बदली झाली, नव्याची सही नोंदायची आहे, महिना गेला.

हे सगळं बघितलं तर कळेल की तुमची नाली तीन जणांनी धरलीय. दिल्लीनं पैशाच्या अटीनं, मुंबईनं कायद्यानं आणि जीआरनं, आणि जिल्ह्यानं माणसांनी, म्हणजे सचिव, इंजिनिअर, बीडीओ. एकात्मक देशात दोर एकाच हातात असतो, ढिला असेल तर ढिला, घट्ट असेल तर घट्ट. आपल्याकडं तीन दोर आहेत आणि गंमत म्हणजे तिघंही एकमेकांकडं बोट दाखवू शकतात. बीडीओ म्हणतो जीआर तसा आहे, मुंबई म्हणते केंद्राच्या अटी, केंद्र म्हणतं पंचायत हा राज्याचा विषय. प्रत्येक जण खरं बोलतो, हीच अडचण आहे. बीडीओ मालक नाही, तो राज्याच्या सेवेतला माणूस आहे, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. (चिडलात तरी चालेल, त्याला सवय असते.)

मग 73 वी घटनादुरुस्ती काय कामाची, असं तुम्ही विचारणार. कामाची आहे, पण कुठं ते नीट ओळखा. 24 एप्रिल 1993 पासून ती लागू झाली. तिच्यात दोन प्रकारची वाक्यं आहेत. एक, "असेल", "झालीच पाहिजे" अशी. पाच वर्षांची मुदत, बरखास्त केली तर सहा महिन्यांत निवडणूक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांचं आरक्षण, वेगळा राज्य निवडणूक आयोग, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग. दुसरी वाक्यं "राज्य विधिमंडळ देऊ शकेल" अशी. अधिकार आणि विषय, म्हणजे अकराव्या अनुसूचीतले 29 विषय, ते या दुसऱ्या प्रकारात, कलम 243 जी. कर लावायचे अधिकार पण "देऊ शकेल" मध्येच. म्हणजे पंचायत असलीच पाहिजे हे घटनेनं सांगितलं, तिनं काय करावं ते राज्यावर सोडलं. म्हणून तीच घटना असून केरळनं 1996 पासून योजनेच्या पैशाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा जास्त स्थानिक संस्थांना दिला आणि दुसरी राज्यं कागदावरच राहिली. परीक्षेत हा फरक लिहाल तर पेपर तपासणारा थांबून वाचेल.

आणि "झालीच पाहिजे" वाली वाक्यं पण किती ताणली जाऊ शकतात ते आपण याच काही वर्षांत बघितलं. वाशिमच्या विकास गवळींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 4 मार्च 2021 ला निकाल दिला, ओबीसी आरक्षणाला तीन कसोट्या लावा आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांवर जाऊ देऊ नका. निकाल आपल्याच भागातल्या जिल्हा परिषदांवरून निघाला होता, परिणाम सगळ्या राज्यावर झाला. 2017 ला निवडून आलेल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 ला संपली, अमरावती, यवतमाळ, वर्धा सगळ्या त्यात, आणि निवडणुका लांबत गेल्या, प्रशासक बसले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका उरका, तोवर तीन वर्षं उलटून गेलेली. मध्ये काय झालं तर वित्त आयोगाची अट होती की निवडून आलेली संस्था नसेल तर तिचा हिस्सा नाही. जिल्हा परिषद, पंचायत समितीचे ते दहा-दहा टक्के अडकले. राज्याचा आणि कोर्टाचा वाद, दंड दिल्लीनं केला, भरला तालुक्यानं.

एक अपवाद सांगायलाच पाहिजे, तो पण आपल्याच इकडचा. 1996 ला संसदेनं पेसा कायदा केला, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांसाठी, आणि तो राज्यांवर बंधनकारक आहे, राज्यानं त्याच्याशी विसंगत कायदा करायचा नाही. पुढं 2006 चा वनहक्क कायदा. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव, त्याला 2009 ला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याकडं. 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देण्यात आलं तेव्हा तो हक्क खरा झाला. इथं संघराज्याचा फायदा दिसतो, राज्य ढिलं पडलं तर केंद्राच्या कायद्याचा आधार घेता येतो. एकात्मक देशातल्या गावाला दुसरं दारच नसतं, लंडनच्या कौन्सिलला जायला कुठं जागा होती? पण पेसाचा आधार अनुसूचित क्षेत्रापुरता आणि वनहक्क कायद्याचा जंगलाशी जोडलेल्या गावांपुरता. तुमचं गाव त्यात नसेल तर तुमच्यासाठी पाचवी नोंद आणि 1958 चा कायदा.

थोडक्यात उजळणी करायची तर मी चार प्रश्न विचारतो. संस्था कोण मोडू शकतं, प्रमुखाला कोण काढू शकतं, पैशाला अट कोण घालतं आणि नोकर कोणाचा आहे. आपल्याकडं पहिल्याचं उत्तर घटनेमुळं अर्धं बंद आहे, पण जोडणं आणि शहर करणं राज्याच्या हातात. दुसऱ्याचं, गैरवर्तनासाठी सरपंचाला कलम 39 खाली विभागीय आयुक्त काढतात आणि अपील शासनाकडं, म्हणजे राज्यच. फ्रान्समध्ये मेयरला कायमचं काढायला मंत्रिमंडळाचा हुकूम लागतो, म्हणजे तिथं केंद्र. तिसऱ्याचं दिल्ली आणि मुंबई दोन्ही, चौथ्याचं जिल्हा परिषद. इंग्लंडच्या पॅरिशला लावून बघा, पहिल्याचं उत्तर संसद, पण तिसरं आणि चौथं बऱ्यापैकी पॅरिश स्वतः. ब्राझील तर अजून वेगळा, तिथल्या 1988 च्या घटनेत नगरपालिका संघराज्याची घटकच आहे, राज्याच्या बरोबरीनं. प्रत्येक देशाची चार उत्तरं वेगळी येतात, म्हणून "संघराज्य म्हणजे स्वायत्त" असं एक वाक्य पुरत नाही.

आणि नालीचं. उद्या सचिवाला बसवून ई-ग्रामस्वराजवर यंदाचा आराखडा उघडायला लावा आणि ते काम कोणत्या हेडखाली आहे ते स्वतःच्या डोळ्यानं बघा. नसेल तर बीडीओकडं जायचंच नाही, आधी ग्रामसभा घेऊन पुढच्या आराखड्यात सांडपाणी म्हणून टाका. असेल तर शाखा अभियंत्याला अंदाजपत्रकासाठी लेखी पत्र द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या, आणि पंधरा दिवसांनी त्या पोचेची झेरॉक्स लावून बीडीओला दुसरं पत्र. तोंडी चकरा बंद. मी टेबलापलीकडं बसायचो तेव्हा पोच असलेला कागद आधी निघायचा, बाकीचे खाली राहायचे.